घरातलं वृद्ध माणूस वारंवार पडत असेल तर: बीपी, गोळ्या, डोळे आणि तपासण्या, कोणत्या क्रमाने बघायचं

बाबा वरचेवर पडायला लागले तेव्हा प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं. कुणी वयावर ढकललं, कुणी मानेच्या मणक्यावर, तर कुणी मेंदूचा एमआरआय करून घ्या म्हणालं. शेवटी जे सापडलं त्याला कुठलंही मोठं यंत्र लागलं नाही. घरातलं बीपीचं मशीन, सगळ्या गोळ्यांची एक यादी आणि चष्म्याकडे नीट बघणं एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम झालं. पण ते योग्य क्रमाने करावं लागतं, आणि तो क्रम आम्हाला कुणी एका ठिकाणी सांगितला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. गोळी बंद करणं किंवा डोस बदलणं हे डॉक्टरांचं काम आहे. पण त्यांना ते करता यावं म्हणून लागणारी माहिती घरचेच लोक गोळा करू शकतात. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत ती मिळत नाही.

१. आधी हे ठरवा: आजच्या आज रुग्णालयात न्यायचं का?

पडलेल्या माणसाला लगेच ओढून उठवू नका. आधी मान, डोकं, खुबा आणि मनगट दुखतंय का ते विचारा. हात-पाय हलवायला सांगा. मधुमेह असेल तर तिथेच बोटातून साखर बघा. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल तर ती वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे बरं वाटलं म्हणून विषय संपवू नका, डॉक्टरांना फोन कराच.

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी रुग्णालयात जा:

- शुद्ध हरपली होती, किंवा ‘मी जमिनीवर कसा आलो ते आठवत नाही’ असं ते म्हणतात.
- डोकं आपटलंय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. वरून टेंगूळसुद्धा दिसत नसलं तरी जा.
- पायावर भार देता येत नाही, एक पाय आखूड वाटतो किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय.
- छातीत दुखणं, धडधड, धाप. किंवा बसल्या जागी नाहीतर श्रम करताना कोसळणं.
- बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, अचानक गोंधळल्यासारखं वागणं.
- डांबरासारखी काळी शौच, ताप, सतत उलट्या-जुलाब.
- तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहणं. यात स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

यातल्या दोन गोष्टी फसव्या आहेत. डोक्याच्या कवटीआत हळूहळू साठणारं रक्त पुष्कळदा काही आठवड्यांनी त्रास देतं. वाढती डोकेदुखी, दिवसभर पेंगणं, चालण्यात किंवा वागण्यात फरक पडला तर ‘महिन्यापूर्वी पडले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरी गोष्ट खुब्याची. हाड मोडूनही काही जण चार पावलं चालतात आणि पहिल्या एक्स-रेमध्ये बारीक तडा दिसत नाही. जांघेत दुखणं कायम असेल तर पुन्हा दाखवा.

२. पडण्याची वही ठेवा

‘कसे पडलात?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘पाय घसरला’ असंच येतं. त्यात थोडी लाज असते, थोडी भीतीही असते की आता आपल्याला एकटं सोडणार नाहीत. तेव्हा कारण विचारू नका, प्रसंग विचारा. किती वाजले होते? त्याआधी काय चाललं होतं: झोपून उठले, खुर्चीतून उठले, जेवून उठले, लघवी करून वळले, पायरी उतरत होते? पडण्याआधी काय जाणवलं? डोळ्यांवर कुठला चष्मा होता? पायात काय होतं? शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, आणि गेल्या महिन्याभरात कुठलं नवं औषध सुरू झालं? कुणी पाहिलं असेल तर त्यालाही विचारा. थोडा वेळ शुद्ध गेली होती हे वृद्ध माणसाला स्वतःला पुष्कळदा आठवतच नाही. तोंडावर पडले आणि हात पुढे करून सावरायचा प्रयत्नही झाला नाही, यावरून तशी शंका घ्यावी.

‘चक्कर आली का?’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं म्हणून बीपीची शंका सोडू नका. बीपी घसरणाऱ्या अनेकांना गरगरत नाही. ते म्हणतात पाय गळाले, डोळ्यांपुढे धूसर झालं, मान आणि खांदे भरून आले.

चार-पाच नोंदी झाल्या की साचा दिसायला लागतो. उठल्यावर काही क्षणांत किंवा दोन-तीन मिनिटांत पडणं बहुधा बीपीकडे बोट दाखवतं. अंथरुणात कूस बदलताना खोली गोल फिरत असेल तर कानातल्या खड्यांचा त्रास असू शकतो; तो डोकं ठरावीक पद्धतीने वळवण्याच्या उपचाराने बरा होतो, गोळ्यांनी नाही. पायऱ्या उतरताना किंवा अंधुक उजेडात पडणं डोळ्यांकडे नेतं. वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील, पावलं छोटी झाली असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं.

बाबांच्या वहीत दोन गट पडले. बहुतेक प्रसंग पहाटे लघवीला उठल्यानंतरचे होते. एक-दोन मात्र संध्याकाळी बाहेर, पायरीवर झालेले. आम्ही एकच कारण शोधत होतो आणि तिथेच अडकलो होतो. म्हातारपणी असं पुष्कळदा होतं की तीन-चार बारीक कारणं मिळून माणूस पडतो आणि प्रत्येक कारण एकेकटं किरकोळ वाटतं.

३. झोपून आणि उभं राहून बीपी मोजा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दवाखान्यात बीपी बसवून मोजतात. बाबांचं बसलेलं बीपी १३८/८० यायचं आणि ‘बीपी उत्तम आहे’ असं ऐकून आम्ही परत यायचो. पण ते पडत होते उभं राहिल्यावर.

आपण उभे राहतो तेव्हा बरंच रक्त पायांत आणि पोटात उतरतं. तरुण शरीरात रक्तवाहिन्या लगेच आवळतात, हृदय जरा जोरात धावतं आणि दाब टिकून राहतो. वयानुसार ही यंत्रणा मंदावते. मधुमेह किंवा पार्किन्सनमध्ये तिच्या नसाच बिघडू शकतात, आणि अनेक गोळ्या तिला आणखी अडवतात. मग मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो.

मोजण्याची पद्धत अशी:

१. दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. पट्टा बांधून त्यांना पलंगावर पाच मिनिटं आडवं, शांत राहू द्या. मग बीपी आणि नाडी लिहा.
२. पट्टा न काढता उभं करा. शेजारी दुसरं कुणीतरी असलंच पाहिजे आणि मागे खुर्ची हवी.
३. उभं राहून एक मिनिट झालं की मोजा. तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा.
४. उभं असताना पट्ट्याचा हात तुमच्या हातावर किंवा टेबलावर, छातीच्या उंचीला टेकवा. हात खाली लोंबत राहिला तर आकडा खोटा वाढून येतो आणि खरी घसरण लपते.
५. त्या वेळी काय वाटतंय ते विचारून आकड्याशेजारी लिहा. उभं राहवत नसेल तर लगेच बसवा आणि ‘दोन मिनिटांत बसावं लागलं’ अशी नोंद करा. तीसुद्धा डॉक्टरांना उपयोगी पडते.

तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर ती उभं राहिल्यावर बीपी पडण्याची खूण समजतात. उभं असताना वरचा आकडा ९० च्या खाली गेला तरी ती काळजीची बाब आहे.

एकदा मोजून काही आलं नाही तर सोडून देऊ नका. ही घसरण दिवसभर सारखी नसते. पहाटे उठल्याबरोबर, सकाळच्या गोळ्यांनंतर तासा-दोन तासांनी, आणि भरपेट जेवणानंतर तासाभराने अशा वेगवेगळ्या वेळा घ्या. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं, त्यामुळे काहींचं बीपी फक्त तेव्हाच पडतं. नाडी अनियमित असणाऱ्यांमध्ये घरचं मशीन चुकू शकतं. तिथे लागोपाठ तीनदा मोजून सगळे आकडे लिहा.

बाबांचे पहाटेचे आकडे असे होते:

- झोपून: १४८/८२, नाडी ७२
- उभं राहून एका मिनिटाने: १२२/७४, नाडी ७८
- तीन मिनिटांनी: ११२/७०, नाडी ८०, ‘पाय हलके वाटतात’

म्हणजे वरचा आकडा ३६ ने घसरला. डॉक्टरांनी त्याहीपेक्षा नाडीकडे जास्त लक्ष दिलं. इतकी घसरण झाली की नाडी चांगली उसळायला हवी, ती जेमतेम ८ ने वाढली होती. शरीरात पाणी किंवा रक्त कमी पडलं असेल तर नाडी सहसा बरीच वाढते. ती वाढलीच नाही, तर आपोआप चालणाऱ्या नसा कमजोर असण्याची शक्यता वाढते, आणि बाबांना जुना मधुमेह होताच. अर्थात, नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी नाडी लिहाच, पण अर्थ डॉक्टरांना लावू द्या.

४. सगळ्या गोळ्या एका टेबलावर मांडा

सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या. हृदयाच्या, साखरेच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या, सर्दीच्या, दुखण्यावरच्या, दुकानातून स्वतः आणलेल्या, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या, आयुर्वेदिक, आणि डोळ्यांत घालायचे थेंबही. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब रक्तात शोषले जातात आणि नाडी मंद करू शकतात. ‘ते तर डोळ्यांचं औषध’ म्हणून यादीतून वगळलं जाणारं हे नेहमीचं औषध.

पाकिटावरचं कंपनीचं नाव नाही, आतल्या औषधाचं नाव लिहा. त्याशेजारी डोस, घेण्याची वेळ, कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी आणि कधीपासून. हे लिहिताना दोन गोष्टी हमखास सापडतात: एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू आहे, किंवा एका गोळीत दोन-तीन औषधं आहेत आणि त्यातलं एक कुणाच्या लक्षातच नाही.

पडण्याशी संबंध येणारे मुख्य गट असे:

- बीपीच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या: क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड. यांनी शरीरातलं पाणी कमी होतं. क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडने सोडियमही बरंच उतरू शकतं, आणि उतरलेल्या सोडियमने चाल डळमळते.
- प्रोस्टेटच्या गोळ्या: टॅमसुलोसिन, प्राझोसिन, टेराझोसिन. या रक्तवाहिन्याही सैल करतात. सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत आणि मध्ये बंद पडून पुन्हा सुरू केल्यावर जास्त सांभाळावं.
- झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या गोळ्या: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, अमिट्रिप्टिलिन. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल पहाटे लघवीला उठतानाही शिल्लक असतो.
- नसांच्या दुखण्यावरच्या: प्रीगाबालिन, गाबापेंटिन.
- सर्दी-खाजेच्या: विशेषतः क्लोरफेनिरामिन असलेल्या. गुंगी येते, आणि प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते.
- साखरेच्या: इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड साखर फार उतरवू शकतात, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात.
- छातीच्या दुखण्यावरच्या नायट्रेट गोळ्या, आणि पार्किन्सनच्या लेवोडोपा: यांनीही उभं राहिल्यावर बीपी पडतं.

एक साखळी ओळखायला शिका. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज येऊ शकते. सुजेवर कुणी लघवीची गोळी देतं. तिने रात्री दोनदा उठावं लागतं आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं. माणूस ‘चक्कर येते’ म्हणतो, म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन सुरू होतं. ते महिनोन्‌महिने चालू राहिलं तर हातापायांना कडकपणा, कंप, मंद चाल असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. मग कंपासाठी आणखी एक गोळी. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरतं बरोबरच केलेलं असतं, पण यादी एकत्र पाहणारं कुणीच नसतं. यादीतल्या प्रत्येक औषधाशेजारी ‘हे कोणत्या त्रासासाठी सुरू झालं आणि तो त्रास दुसऱ्या औषधाचा तर नव्हता ना’ असा रकाना करा.

इथे थांबा: यादी बघून स्वतः काहीही बंद करू नका. क्लोनाझेपामसारखी गोळी वर्षानुवर्षे घेऊन एकदम सोडली तर झोप उडते, घालमेल होते, कधी झटकेही येतात. नाडी मंद करणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या किंवा क्लोनिडिन अचानक थांबवलं तर बीपी आणि हृदय उसळी घेतं. लेवोडोपा अचानक थांबवणं तर धोक्याचंच. यातल्या काही गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात.

५. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं

- पडण्याची वही
- झोपून-उभं राहून घेतलेल्या बीपीचे आणि नाडीचे आकडे, वेळेसकट
- गोळ्यांची यादी, आणि खऱ्या पाकिटांची पिशवी
- जुन्या चिठ्ठ्या, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट
- नेहमी वापरात असलेला चष्मा आणि त्याचा नंबर
- पडताना पाहिलेली व्यक्ती, शक्य असेल तर

यासाठी एकच डॉक्टर निवडा: वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, किंवा सगळं एकत्र बघणारे फिजिशियन. प्रश्न नेमका विचारा. ‘चक्करवर काही द्या’ म्हणालात तर यादीत आणखी एक गोळी वाढेल. ‘यातलं काय कमी करता येईल?’ असं विचारा.

बाबांच्या यादीत होतं: टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकाच गोळीत, रात्री टॅमसुलोसिन, पायांच्या जळजळीसाठी अमिट्रिप्टिलिन, जुनी क्लोनाझेपाम, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, आणि सर्दीची एक गोळी जी ते ‘छान झोप लागते’ म्हणून चालूच ठेवत होते. रक्तात सोडियम १२८ निघालं. ते १३५ च्या वर असायला हवं.

डॉक्टरांनी सगळं एका दिवसात बदललं नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं: एकाच वेळी चार गोळ्या बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिल्यांदा सर्दीची गोळी गेली. त्याच भेटीत क्लोरथॅलिडोन काढून फक्त टेल्मिसार्टन ठेवलं, कारण सोडियम इतकं उतरलेलं असताना थांबून चालणार नव्हतं. ते सुधारून १३६ वर आल्यावर अमिट्रिप्टिलिन हळूहळू उतरवलं. क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश, काही महिन्यांत, पाव-पाव गोळी करत. टॅमसुलोसिन राहू दिलं, कारण ते काढल्यावर लघवी तुंबून रात्री आणखी उठावं लागलं असतं. ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला. या वयात साखर थोडी वर राहिलेली चालते, खाली जाणं परवडत नाही.

नंतरचे पहाटेचे आकडे: झोपून १५०/८४, तीन मिनिटांनी १३४/७८. झोपलेलं बीपी किंचित वाढलं आणि डॉक्टरांनी ते चालवून घेतलं. झोपून जास्त, उभं राहून कमी अशा माणसाचं बीपी सांभाळणं ही तडजोडच असते. मात्र यावरून ‘पडतात म्हणून बीपीच्या सगळ्या गोळ्या बंद’ असा अर्थ काढू नका. वाढलेलं बीपी तसंच सोडलं तरी उभं राहतानाची घसरण बिघडू शकते.

६. बीपी घसरत असेल तर घरी काय करायचं

पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटं पाय सोडून बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मुठी आवळायच्या, मगच उभं राहायचं. उभं राहिल्यावर लगेच चालायला लागायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधार शोधत चालत राहू नये, तिथेच बसावं.

उठण्याआधी चार-पाच मिनिटांत जवळजवळ अर्धा लिटर पाणी प्यायलं तर काही जणांचं बीपी तासभर बऱ्यापैकी सावरतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हे करू नका. मीठ वाढवण्याबाबतही तेच: विचारल्याशिवाय नाही.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. जास्त उशा घेणं म्हणजे हे नव्हे. त्याने फक्त मान वाकते. संपूर्ण शरीर तिरकं झालं की रात्री लघवी कमी होते आणि पहाटेची घसरणही. पुरुषांनी रात्री बसून लघवी करावी, किंवा पलंगाशेजारी भांडं ठेवावं. बाबांनी भांड्याला बरेच दिवस नकार दिला. डॉक्टरांनी सांगितल्यावर एका वाक्यात तयार झाले.

एवढं करूनही भागत नसेल तर पोटाचा पट्टा आणि बीपी टिकवणाऱ्या गोळ्या आहेत. ते डॉक्टर ठरवतील.

७. डोळे: ‘नंबर काढला’ म्हणजे तपासणी झाली असं नाही

बीपी सुधारल्यावर पहाटेचं पडणं थांबलं, पण बाबा संध्याकाळी एका पायरीवर पुन्हा पडले. वहीतला दुसरा गट आठवला.

त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता, म्हणजे वरून लांबचं आणि खालून वाचायचं. या काचेचा खालचा भाग हातभर अंतरासाठी बनलेला असतो. पायरी उतरताना माणूस नेमका त्याच भागातून खाली बघतो, आणि दीडेक मीटरवरची पायरीची कड धूसर होते. बायफोकलचंही तसंच. उपाय सोपा आहे: बाहेर चालण्यासाठी आणि जिन्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा. नियमित बाहेर पडणाऱ्यांना याचा फायदा होतो. क्वचितच बाहेर जाणाऱ्यांनी मात्र उगाच बदल करू नये. चष्म्यांच्या अदलाबदलीत गोंधळून ते बाहेर उलट जास्त पडू शकतात.

नवा चष्मा हासुद्धा सापळा आहे. नंबर एकदम बराच बदलला की जमीन जवळ किंवा लांब दिसते आणि पहिले काही आठवडे पडण्याचा धोका वाढतो. ‘हे पडतात, नंबर टप्प्याने बदलता येईल का’ असं तपासणाऱ्याला आधीच सांगा.

नेत्रतज्ज्ञांकडे चार गोष्टी तपासून मागा: मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचा मध्यभाग आणि आजूबाजूचं दिसण्याचं क्षेत्र. काचबिंदूत समोरचं अक्षर स्वच्छ वाचता येतं, पण खालच्या बाजूचं दिसत नसेल तर पायाजवळची वस्तू नजरेत येतच नाही. मोतीबिंदूने उजेड-अंधारातला फरक मिटतो, म्हणून एका रंगाच्या पायऱ्या सपाट उतारासारख्या दिसतात. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केली तर पडणं कमी होतं. मात्र एक डोळा झालाय आणि दुसरा राहिलाय या मधल्या काळात दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक राहू शकतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. या दिवसांत जिन्यावर सोबत द्या.

घरी करता येणारी एक परीक्षा: एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची नजर गेलेली कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

८. तपासण्या: कधी, कुठल्या, आणि कुठल्या नाहीत

वर्षभरात दोनदा पडणं, एकदाच पण दुखापत होऊन पडणं, किंवा एकदाच पडले तरी चाल अस्थिर असणं, यातलं काहीही असेल तर पूर्ण तपासणी व्हायला हवी.

पहिल्या फेरीत पुरेसं असतं: ईसीजी, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, थायरॉइड, बी१२ आणि ड जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ विसरू नका. ते कमी झालं की पावलांना जमिनीचा नीट अंदाज येत नाही.

याशिवाय चालून दाखवायला सांगण्याची तपासणी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. मग पायांची ताकद आणि तोल यासाठी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. नुसत्या फेऱ्या मारण्याने तोल सुधारत नाही.

पुढच्या फेरीला ठोस कारण हवं. शुद्ध हरपली, धडधड झाली किंवा ईसीजीत दोष निघाला तर हृदयाचे ठोके नोंदवणारं होल्टर. पण महिन्यातून एकदा पडणाऱ्यात २४ तासांच्या होल्टरमध्ये काही सापडण्याची शक्यता कमीच. ‘नॉर्मल’ रिपोर्टवर समाधान न मानता जास्त दिवस नोंद करणाऱ्या यंत्राबद्दल विचारा. हृदयाची सोनोग्राफी हृदयाचा आवाज किंवा ईसीजी वेगळा असेल तेव्हा. डोक्याचं सीटी स्कॅन मार लागला असेल किंवा एका बाजूची कमजोरी असेल तेव्हा. चाल बिघडली, लघवी आवरत नाही आणि विसरभोळेपणा वाढला, हे तिन्ही एकत्र आले तर मेंदूतल्या पाण्याच्या एका आजारासाठी स्कॅन लागतं.

मानेचा एक्स-रे मात्र कुणी पडण्याचं कारण शोधायला सांगितला तर दोनदा विचारा. या वयात जवळजवळ प्रत्येकाच्या मानेत झीज दिसते. एकदा ‘स्पॉन्डिलोसिसमुळे चक्कर’ असं चिठ्ठीवर लिहिलं गेलं की पुढचा कुणीही उभं राहून बीपी मोजत नाही. नुसत्या चक्करसाठी मेंदूचा एमआरआय आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर यांतूनही क्वचितच काही हाती लागतं.

हाडांची घनता मात्र तपासून घ्या. तिने पडण्याचं कारण कळत नाही, पण हाडं ठिसूळ असतील तर उपचार सुरू होतात आणि पुढच्या वेळी खुबा वाचण्याची शक्यता वाढते.

गोळी बदलली, डोस बदलला, जुलाब किंवा ताप येऊन गेला, उन्हाळा वाढला, की झोपून-उभं राहून बीपी पुन्हा मोजा आणि त्याच वहीत लिहा. जुलाब-उलट्या चालू असताना लघवीच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिन यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून यादीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. रविवारी रात्री ते विचारायला कुणी सापडत नाही.